ट्रक ओलांडताना: साठ मीटरचा हिशेब

दुपदरी महामार्गाचा डांबरी पट्टा साधारण ७ मीटर रुंद असतो, दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मीटरची एकेक लेन. नियमानुसार ट्रक जास्तीत जास्त २.६ मीटर रुंद असू शकतो. आपली मोटार दोन्ही आरशांसकट दोन मीटरच्या आसपास भरते. आता डावीकडे एक ट्रक, त्याला ओलांडणारी आपली मोटार आणि समोरून येणारा दुसरा ट्रक, अशी तिघांची बेरीज करून पाहा. ७.२ मीटर होते. म्हणजे एकमेकांना घासूनही हे तिघे त्या रस्त्यावर एका वेळी शेजारी-शेजारी मावत नाहीत.

दुपदरी रस्त्यावरच्या ओव्हरटेकचा सगळा विचार या बेरजेपासून सुरू होतो. चौपदरी रस्त्यावर ओलांडताना अंदाज थोडा चुकला, तर मागच्याला ब्रेक लावावा लागतो, एवढंच. दुपदरीवर आपण समोरच्याच्या वाटेत उभे असतो. तिथे आपण किती सेकंद असणार आणि तेवढ्या वेळात समोरचा किती जवळ येणार, हे लेन सोडण्याआधीच ठाऊक असलं पाहिजे. ते काढायचा हिशेब अवघड नाही. तो एकदा नीट मांडून पाहिला, की कुठला ट्रक ओलांडायचा आणि कुठल्या ट्रकच्या मागे मुकाट चालायचं, हे आपोआप ठरत जातं.

एक ट्रक, दहा सेकंद

सोलापूर किंवा लातूर जिल्ह्यातला एखादा सरळ दुपदरी रस्ता डोळ्यांसमोर आणा. पुढे सोयाबीनची पोती भरलेला दहा चाकी ट्रक ताशी ४० किलोमीटरने चालला आहे. त्याची लांबी १२ मीटर धरू. आपण त्याच्या मागे २० मीटरवर, त्याच्याच वेगाने चाललो आहोत. वीस मीटर म्हणजे या वेगाला जेमतेम दोन सेकंदांचं अंतर. ट्रकचा मागचा फाळका एखाद्या दगडापाशी पोचला की मोजायला लागावं. दोन सेकंद व्हायच्या आत आपण त्या दगडाशी पोचलो, तर आपण गरजेपेक्षा जवळ आहोत.

आता ट्रकच्या तुलनेत आपल्याला किती पुढे सरकायचं आहे? मागचे २० मीटर, ट्रकचे १२, आपल्या मोटारीचे ४, आणि त्याच्या पुढे सुरक्षित अंतर राखून लेनमध्ये परतायचं तर आणखी २४. एकूण ६० मीटर. ट्रक जागच्या जागी उभा असता, तर हे साठ मीटर म्हणजे काहीच नाही. पण तो चाललेला आहे, म्हणून हे अंतर आपल्याला फक्त दोघांच्या वेगातल्या फरकाने कापायचं आहे.

आपण ७० चा वेग गाठणार असू, तर फरक ३० चा, म्हणजे सेकंदाला साधारण ८ मीटर. तो फरकही क्षणात मिळत नाही. साध्या मोटारीला, तिसऱ्या गिअरमध्ये नीट पिकअप घेऊन, ४० वरून ७० ला जायला पाच-साडेपाच सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ट्रकच्या तुलनेत आपण फक्त २३ मीटर पुढे सरकतो. उरलेल्या ३७ मीटरना आणखी साडेचार सेकंद. सगळे मिळून दहा सेकंद झाले. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू असेल तर पिकअप मंदावतो. मग हेच अकरा-साडेअकरा सेकंद होतात.

या दहा सेकंदांत आपण रस्त्यावर प्रत्यक्ष १७० मीटर जातो. समोरून ताशी ८० ने येणारी गाडी तेवढ्याच वेळात २२० मीटर पुढे आलेली असते. झाले ३९० मीटर. पण एवढंच अंतर धरलं, तर आपण आपल्या लेनमध्ये शिरतो त्याच क्षणी ती गाडी आपल्या नाकासमोर असेल. मध्ये निदान तीन सेकंदांची मोकळीक हवी. दोन्ही गाड्या एकमेकींकडे येत असल्यामुळे त्या तीन सेकंदांचेच सव्वाशे मीटर होतात. म्हणजे चाळीसने चाललेला एक ट्रक ओलांडायला समोर अर्ध्या किलोमीटरहून थोडा जास्त रिकामा रस्ता लागतो.

हा आकडा नवशिक्याला घाबरवण्यासाठी फुगवलेला नाही. रस्ते आखणारे अभियंतेही याच्याच जवळ येतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत ताशी ८० च्या वेगासाठी आखलेल्या रस्त्यावर ओलांडण्याकरता ४७० मीटरची दृष्टी धरलेली आहे, ताशी १०० साठी ६४० मीटर. थांबण्यासाठी मात्र ८० च्या वेगाला १२० मीटर पुरतात. म्हणजे ज्या वळणावर आपल्याला वेळेत थांबता येईल एवढं पुढचं दिसतं, तिथे ओलांडता येईल एवढं दिसतंच असं नाही. त्यासाठी चौपट लांबचं दिसावं लागतं.

साठने चाललेला ट्रक ओलांडूच नये

आता एकच गोष्ट बदला. तोच ट्रक ४० ऐवजी ६० ने चालला आहे. आपण पुन्हा ७० लाच थांबणार आहोत, कारण केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारींना शंभरची मुभा आहे ती दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर. साध्या दुपदरी रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा ७० आहे.

फरक उरला १० चा, म्हणजे सेकंदाला तीन मीटरहूनही कमी. साठ मीटर कापायला बावीस-तेवीस सेकंद लागतील. तेवढ्यात आपण ४३५ मीटर जाऊ आणि समोरचा ५०० मीटर येईल. वर तीन सेकंदांची मोकळीक धरली, की एक किलोमीटरहून जास्त रिकामा, सरळ रस्ता हवा. ट्रक तोच, मोटार तीच, पण वेगातला फरक एक तृतीयांश झाल्याबरोबर लागणारा रस्ता दुप्पट झाला आणि विरुद्ध लेनमधला वेळ दुपटीहून जास्त.

असा किलोमीटरभराचा मोकळा पट्टा मिळतोही कधी कधी, पण त्यातून हाती काय लागतं? साठच्या ट्रकमागे दहा किलोमीटर गेलो तर दहा मिनिटं लागतात. ओलांडून सत्तरने गेलो तर साडेआठ. दीड मिनिटासाठी बावीस सेकंद समोरच्याच्या लेनमध्ये राहायचं, असा हा व्यवहार आहे. याउलट चाळीसच्या ट्रकमागे तेच दहा किलोमीटर पंधरा मिनिटं खातात आणि तो ओलांडायला दहा सेकंद पुरतात. म्हणून नियम सोपा आहे: हळू ट्रक ओलांडावा, वेगाचा ट्रक ओलांडू नये. निदान पंचवीस-तीसचा फरक मिळत नसेल, तर विचार तिथेच सोडावा.

यातला फसवा ट्रक म्हणजे चढ-उतारावरचा. भरलेला ट्रक चढावर पंचवीसवर येतो. मागचा वैतागतो, चढ संपला की लगेच बाहेर काढतो. पण माथा ओलांडला की ट्रकला उताराची ओढ मिळते. आपण त्याच्या शेजारी पोचेपर्यंत तो पंचावन्नवर गेलेला असतो आणि आपण गृहीत धरलेला फरक संपलेला असतो. ट्रकवाल्याने मुद्दाम वेग वाढवलेला नसतो, उताराने वाढवलेला असतो. उतारावर ट्रक ओलांडायचा असेल, तर त्याचा वेग आधी काही काळ पाहून घ्यावा. आणि चढावर वेगातला फरक कितीही चांगला मिळत असला, तरी माथ्यापलीकडचं दिसत नसेल तर तो फरक कामाचा नाही.

समोरचं अंतर मोजायचं कसं?

पाचशे मीटर म्हणजे प्रत्यक्षात किती, हे गाडीत बसून सांगणं कठीण असतं. पण महामार्गावर मोजमाप आधीच रोवून ठेवलेलं आहे. दोन किलोमीटरच्या दगडांमध्ये दर २०० मीटरवर एक छोटा दगड असतो. त्यावर २, ४, ६, ८ असे आकडे असतात. गावांच्या नावांचे मोठे दगड आपण वाचतो, हे छोटे नजरेतून सुटतात.

ओलांडायचा काही विचार नसताना त्यांचा सराव करावा. एका दगडापाशी असताना दूरचं एखादं झाड, फलक किंवा वळण हेरावं आणि तिथे पोचेपर्यंत किती दगड मागे पडतात ते मोजावं. अडीच दगड गेले, तर ते झाड पाचशे मीटरवर होतं. असं काही वेळा केलं, की अर्धा किलोमीटर डोळ्यांना ओळखीचा होतो. बहुतेकांना पहिल्या प्रयत्नात कळतं, की आपण ज्याला अर्धा किलोमीटर समजत होतो ते तीनशे मीटरच होते.

अंतराचा अंदाज सरावाने सुधारतो. समोरच्या गाडीच्या वेगाचा अंदाज मात्र फारसा सुधारत नाही, कारण अडचण डोळ्यांच्या कामातच आहे. थेट आपल्याकडे येणारी वस्तू डावी-उजवीकडे सरकत नाही, फक्त आकाराने वाढते. लांब असताना ती वाढ इतकी सावकाश असते, की गाडी जणू जागेवरच आहे असं वाटतं. जवळ आल्यावर ती एकदम मोठी होते, पण तेव्हा आपण बाहेर पडलेलो असतो. म्हणून समोरचा किती वेगाने येतोय हे ओळखायचा प्रयत्न करण्याऐवजी तो वेगातच येतोय असं धरून चालावं. हिशेबात मी ८० धरले, ते याच कारणासाठी. आणि समोर गाडी दिसते आहे पण ती अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडे आहे की अलीकडे याची शंका आहे, तर ती अलीकडे आहे.

आणखी एक पडताळा सेकंदांनी करता येतो. ट्रकच्या मागे चाळीसने जाताना, रस्त्याच्या टोकाला एखादी गाडी पहिल्यांदा दिसली की मनात सेकंद मोजायला लागावं आणि ती आपल्या बाजूने जाईपर्यंत मोजत राहावं. दोघांच्या मिळून १२० च्या वेगाला पाचशे मीटर पंधरा सेकंदांत संपतात. गाड्या दिसल्यापासून आठ-नऊ सेकंदांतच शेजारून जात असतील, तर या पट्ट्यात डोळ्यांना पुरेसं दिसतच नाही, मग समोर रिकामं असो वा नसो. मात्र मोजलेली गाडी सावकाश चाललेली असेल, तर पंधरा सेकंदांचीही खात्री धरू नये. पुढची गाडी तिच्यापेक्षा वेगाने येऊ शकते.

दिसणारा रस्ता सलग दिसतो आहे का, हेही पाहायला हवं. ओढ्याच्या मोरीपाशी रस्ता बऱ्याचदा खाली उतरून पुन्हा वर येतो. दूरचा भाग दिसतो, अलीकडचाही दिसतो, मधल्या खोलगटात मात्र एक आख्खी मोटार लपते. डांबराची किंवा मधल्या पांढऱ्या रेषेची पट्टी कुठे तुटल्यासारखी वाटली, तर तिथे खोलगट आहे असं समजावं. मधली रेषा सलग असेल तर ती ओलांडायचीच नाही. बाजूबाजूला दोन रेषा असतील, तर आपल्या बाजूची रेषा तुटक असेल तेव्हाच बाहेर पडता येतं. सलग रेषा असलेल्या बहुतेक जागी वळण, माथा किंवा फाटा असतोच.

मागे राहिलं की जास्त दिसतं

ट्रकला चिकटून चाललं, की समोर फक्त फाळका, त्यावरची अक्षरं आणि मडफ्लॅप दिसतात. पुढे काय चाललंय ते पाहायला मग गाडीचं अर्धं अंग विरुद्ध लेनमध्ये काढावं लागतं. प्रत्येक वेळी असं डोकावणं हाच एक धोका असतो. पन्नास मीटर मागे राहिलं, की तोच ट्रक नजरेत लहान होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता दिसू लागतो. डाव्या वळणावर त्याच्या क्लिनर साइडने पुढचा रस्ता दिसतो, उजव्या वळणावर ड्रायव्हर साइडने. पुढचं वळण संपून सरळ रस्ता सुरू होतोय का, त्यावर गाड्या आहेत का, ट्रकच्या पुढे दुसरा ट्रक आहे का, हे सगळं आपल्या लेनमध्ये राहून कळतं.

मागे राहण्याचा दुसरा फायदा हिशेबातच आहे. वरच्या उदाहरणात पाच सेकंद वेग वाढवण्यात गेले, आणि ते विरुद्ध लेनमध्ये गेले. तोच वेग आपल्या लेनमध्ये घ्यावा. ट्रकच्या मागे ४०-४५ मीटरवर असताना, समोरची शेवटची गाडी आपल्याला पार करायच्या बेताला आली आणि तिच्या मागे मोकळा रस्ता दिसला, की तिसरा गिअर टाकून वेग घ्यायला सुरुवात करावी. सत्तरला पोचेपर्यंत ट्रक वीस मीटरवर आलेला असेल. तोवर समोरची गाडी निघून गेलेली असेल, तर इंडिकेटर देऊन बाहेर पडावं. नसेल, किंवा तिच्यामागे आणखी एक दिसली, तर पाय उचलून हलका ब्रेक लावावा आणि पुन्हा मागे राहावं. काहीच बिघडलेलं नसतं. या पद्धतीने विरुद्ध लेनमधले दहा सेकंद सातवर येतात आणि लागणारा रस्ता शंभर मीटरने कमी होतो.

गिअर बाहेर पडण्याआधी बदलावा. शेजारी पोचल्यावर गाडी ओढत नाही म्हणून गिअर बदलायला गेलं, की नेमक्या नको त्या सेकंदाला वेग मोडतो.

एका ट्रकपुढे दुसरा ट्रक असेल, तर प्रश्न एवढाच, की दोघांच्या मधल्या जागेत आपण आरामात मावतो का. मध्ये चाळीस-पन्नास मीटर असतील, तर एकेक ओलांडावा. दुसऱ्यासाठी सगळा हिशेब नव्याने करावा. पंधरा-वीस मीटरच असतील, तर ते दोन ट्रक नाहीत, तो चाळीसेक मीटर लांबीचा एकच ट्रक आहे. त्याला आणखी तीन-चार सेकंद लागतात आणि समोर साडेसहाशे ते पावणेसातशे मीटर मोकळे हवेत.

परतीची वाट

लेन सोडण्याआधी आरशात पाहायचं ते नुसतं कुणी आपल्याला ओलांडत नाही ना, एवढ्यासाठी नाही. मागे चिकटलेली गाडी आपल्याबरोबर पुढे सरकते आणि आपण सोडलेली जागा भरून टाकते. अर्ध्या वाटेत अडचण आली आणि परत फिरायचं ठरवलं, तर परतायला जागाच नसते. असा उतावळा मागे लागला असेल, तर त्याला आधी जाऊ द्यावं. आपली मागची जागा रिकामी राहील याची खात्री ही ओलांडण्याची पहिली अट आहे.

बाहेर पडल्यावर एक ठराविक क्षण असा येतो, की तिथे शेवटचा निर्णय घ्यायचा असतो. आपलं बॉनेट ट्रकच्या मागच्या चाकांच्या रेषेत आलं, की तो क्षण. तिथून पुढचं सगळं पूर्ण व्हायला अजून साडेचार सेकंद लागतात. तेव्हा समोरची गाडी तीनशे मीटरच्या पलीकडे असेल, तर पुढे जावं. अलीकडे असेल, तर ताबडतोब ठाम ब्रेक लावून ट्रकच्या मागे परतावं. बॉनेट ड्रायव्हरच्या दाराच्या पुढे गेलं, की मात्र मागे फिरण्याचा विचार सोडून द्यावा. आता पुढे जाणं हीच सुटका.

अवघड असतो तो मधला टप्पा, मागच्या चाकांपासून केबिनपर्यंतचा. इथे घाबरून ब्रेक लावला, तर एक वेगळीच गुंतागुंत होते. चांगला ट्रकचालक समोरची गाडी पाहून आपल्याला जागा द्यायला स्वतःही ब्रेक लावतो. मग दोघांचाही वेग एकदम उतरतो आणि आपण त्याच्या शेजारीच अडकून राहतो. तीसचा फरक असेल तर हा टप्पा एका सेकंदात मागे पडतो. दहाचा असेल तर तीन-चार सेकंद त्यात जातात. वेगातला फरक का हवा, याचं हे दुसरं आणि जास्त महत्त्वाचं कारण आहे.

तिसरी वाट साइडपट्टीची. नव्या दुपदरी रस्त्यांना दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरची डांबरी साइडपट्टी असते. तिच्यामुळे रुंदी दहा मीटर होते आणि ट्रक डावीकडे सरकला, समोरचाही त्याच्या डावीकडे सरकला, तर तिघे मावतात. पण त्यासाठी तिघांनी एकच गोष्ट एकाच वेळी करावी लागते. म्हणून ती वाट हिशेबात धरायची नाही. संकटात कामाला आली तर आली. जुन्या रस्त्यांवर साइडपट्टी मुरमाची असते, पावसाळ्यात खचते, आणि डांबराच्या कडेशी वीतभर खोल खड्डा तयार होतो. त्यात सत्तरने चाक उतरलं तर गाडी उलटू शकते. समोरच्याच्या बाजूच्या साइडपट्टीवर तर कधीच जाऊ नये. आपल्याला वाचवायला तोही तिथेच वळतो. पूल, मोरी, लोखंडी कठडे यांच्यापाशी कुठलीच साइडपट्टी नसते, म्हणून तिथे ओलांडणंही नाही.

पुढे गेल्यावर आत शिरण्याची घाई करू नये. ट्रकचं पूर्ण तोंड, दिव्यांसकट, आतल्या आरशात दिसलं की डावीकडे यावं. डाव्या बाजूच्या बहिर्गोल आरशावर विसंबू नये, त्यात वस्तू असते त्याहून लांब दिसते. कट मारून आत शिरलेल्या मोटारीसाठी भरलेला ट्रक जागेवर थांबत नाही.

ट्रकच्या खुणा

ट्रकचा उजवा इंडिकेटर लागला, की त्याचा अर्थ काय? कुणी तो ‘जा, समोर मोकळं आहे’ म्हणून देतो, कुणी ‘थांब, समोरून गाडी येतेय’ म्हणून, आणि कुणाला खरोखरच उजवीकडे ढाब्यावर, पंपावर किंवा फाट्याला वळायचं असतं. पहिला अर्थ धरून बाहेर पडलेली मोटार तिसऱ्या अर्थाच्या ट्रकखाली जाते. म्हणून उजवा इंडिकेटर चालू असलेला ट्रक ओलांडू नये. तो बंद होईपर्यंत थांबावं. इंडिकेटर नसला तरी उजवीकडे फाटा, पंप किंवा ढाबा दिसत असेल, आणि ट्रक वेग कमी करत असेल, तर तो वळणारच आहे असं समजावं. ट्रकवाल्याने हात दाखवून ‘जा’ म्हटलं, तरी त्याला आपल्या गाडीचा पिकअप माहीत नसतो. समोरचं आपल्या डोळ्यांना दिसेपर्यंत त्या हाताचा उपयोग नाही.

समोरच्याने डिपर मारला, तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतोय, बाहेर पडू नकोस’ असा असतो. तो मानावा.

आपण ट्रकवाल्याला दिसतो का, हे ओळखायची खूण त्याच्या उजव्या आरशात आहे. त्या आरशात त्याचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही. बाहेर पडण्याआधी हॉर्न, आणि रात्री हॉर्नऐवजी डिपर द्यावा. क्लिनर साइडने ओलांडणं यासाठीच घातक आहे. उंच केबिनमधल्या चालकाला आपल्या डाव्या अंगाचा बराच भाग दिसत नाही आणि साइडपट्टीकडे सरकायची सवय त्याला असतेच. दुचाकीस्वारांना ही चूक सगळ्यात महाग पडते.

रात्री समोर उजेड नाही, म्हणजे रस्ता रिकामा आहे असं नसतं. गळीत हंगामात ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्यांमागे दिवा नसलेला ट्रॅक्टर, पंक्चर होऊन उभा राहिलेला ट्रक, बैलगाडी, यांतलं काहीही त्या अंधारात असू शकतं. एकच दिवा दिसला तर ती दुचाकी नसून एक दिवा गेलेला ट्रकही असतो. आपल्या दिव्यांचा उजेड जिथवर पोचतो त्यापलीकडचा रस्ता आपण पाहिलेलाच नसतो. हिशेब तर पाचशे मीटरचा आहे. त्यामुळे रात्री दुपदरीवर ओलांडायच्या जागा दिवसाच्या मानाने फार थोड्या उरतात, आणि तेवढ्याच वापराव्यात.

कायद्यानेही याची नोंद घेतली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात नियमाविरुद्ध ओलांडणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं आणि त्याला दंडाबरोबर तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

आपल्याला कुणी ओलांडत असेल, तेव्हाही हाच हिशेब उलट बाजूने कामाला येतो. त्या वेळी आपण वेग दहाने उतरवला, तर त्याच्या वेगातला फरक वाढतो आणि विरुद्ध लेनमधले त्याचे दोन-तीन सेकंद वाचतात. वेग वाढवला, तर तेवढेच सेकंद आपण त्याच्याकडून काढून घेतो. समोरून येताना कुणी चुकीच्या वेळी बाहेर पडलेला दिसला, तर डिपर मारून हक्क सांगत पुढे येण्यापेक्षा पाय उचलावा. आपला वेग ८० वरून ६० वर आला, की दर सेकंदाला त्याला साडेपाच मीटर जास्त मिळतात. चूक त्याची असते, पण हिशेबातला वेग दोघांचा असतो, आणि दोघांपैकी कुणीही कमी केला तरी मधलं अंतर तितकंच वाचतं.